माश्या मारणारी दोन औषधे आणि बरोबरीचे आकडे

१९४५ साली फ्रँक विल्कॉक्सन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा जेमतेम चार पानांचा एक लेख ‘बायोमेट्रिक्स बुलेटिन’मध्ये छापून आला. विल्कॉक्सन अमेरिकन सायनामिड या कंपनीत कामाला होते आणि कीटकनाशकांच्या चाचण्या हा त्यांचा रोजचा विषय होता. लेखातल्या पहिल्या तक्त्यात माश्या मारण्याच्या दोन फवाऱ्यांची तुलना होती. प्रत्येक औषधाच्या आठ चाचण्या घेतल्या होत्या आणि प्रत्येक चाचणीत शेकडा किती माश्या मेल्या, तो आकडा नोंदवला होता.

पहिले औषध: ६८, ६८, ५९, ७२, ६४, ६७, ७०, ७४.
दुसरे औषध: ६०, ६७, ६१, ६२, ६७, ६३, ५६, ५८.

नुसत्या नजरेला पहिले औषध सरस वाटते. पण आठ-आठ आकड्यांतला हा फरक औषधाचा म्हणायचा की योगायोगाचा? सरासरीवर आधारलेल्या नेहमीच्या चाचण्या काही गोष्टी गृहीत धरतात आणि इतक्या थोड्या आकड्यांवरून त्या गोष्टी पडताळून पाहणे अवघड असते. विल्कॉक्सन यांनी मूळ आकडे बाजूला ठेवले आणि त्यांचे फक्त क्रमांक हाती घेतले. आज हीच पद्धत ‘रँक सम टेस्ट’, म्हणजे क्रमांक-बेरीज चाचणी, म्हणून ओळखली जाते.

आधी सोळाही आकडे एकत्र करून चढत्या क्रमाने लावायचे. कोणता आकडा कोणत्या औषधाचा, याची खूण मात्र पुसायची नाही. सर्वात लहान ५६ ला पहिला क्रमांक, ५८ ला दुसरा, ५९ ला तिसरा, असे करत ६४ ला आठवा क्रमांक मिळतो. इथवर काहीच अडचण येत नाही. पुढे ६७ हा आकडा तीनदा येतो, एकदा पहिल्या औषधाकडे आणि दोनदा दुसऱ्याकडे.

या तिघांच्या वाट्याला ९, १० आणि ११ या जागा आहेत. शाळेच्या गुणवत्ता यादीत सारखे गुण असले की सर्वांना वरचाच क्रमांक देतात. इथे तसे चालत नाही, कारण मग क्रमांकांची एकूण बेरीज बिघडते. वहीत जो आधी लिहिला त्याला ९ देणे तर त्याहून वाईट. पहिल्या औषधाच्या ६७ ला ९ दिले, तर दुसऱ्या औषधाची बेरीज ४६ भरते. त्यालाच ११ दिले, तर ती ४४ होते. कोणता स्तंभ आधी टाइप केला यावर उत्तर बदलू लागले, तर त्या उत्तराला काही किंमत राहत नाही. म्हणून ९, १० आणि ११ यांची सरासरी काढून तिघांनाही १० द्यायचे. दोन ६८ च्या वाट्याला १२ आणि १३ या जागा येतात, म्हणून दोघांनाही साडेबारा. त्यापुढचा ७० चौदावा, ७२ पंधरावा आणि ७४ सोळावा.

आता बेरीज करायची. पहिल्या औषधाची ९१ येते, दुसऱ्याची ४५. दोन्ही मिळून १३६, आणि १ ते १६ या क्रमांकांची बेरीजही तेवढीच. औषधांत काहीच फरक नसता, तर दोघांच्या वाट्याला साधारण ६८ यायला हवे होते. ४५ म्हणजे किती दूर, हाच खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मोजून देता येते. सोळा क्रमांकांतून आठ निवडण्याचे १२,८७० प्रकार आहेत. औषधे सारखीच असतील, तर यातला प्रत्येक प्रकार सारखाच संभवतो. बरोबरीचे क्रमांक धरून नीट मोजले, तर बेरीज ४५ किंवा त्याहून कमी येणारे प्रकार फक्त ८७ निघतात. पहिले औषधही तितकेच मागे पडू शकले असते, म्हणून दुसऱ्या बाजूचेही ८७ धरायचे. हे १७४ प्रकार एकूण प्रकारांच्या सुमारे १.३५ टक्के होतात. नुसत्या योगायोगाने इतका फरक शंभरात एक-दोनदाच दिसेल. औषधांत खरा फरक आहे असे मानायला हा आधार पुरेसा भक्कम आहे.

फरक केवढा, हे सांगायचीही सोपी रीत आहे. पहिल्या औषधाची प्रत्येक चाचणी दुसऱ्याच्या प्रत्येक चाचणीसमोर ठेवली की ६४ जोड्या होतात. त्यांतल्या ५४ जोड्यांत पहिले औषध वरचढ आहे, ८ मध्ये दुसरे, आणि २ जोड्या बरोबरीच्या.

हाच तक्ता आज एखाद्या विद्यार्थ्याकडे बहुधा फोटोच्या रूपात पोहोचतो. जुन्या पुस्तकाचे पान मोबाइलवर टिपलेले असते, कडेला सावली पडलेली असते, ८ आणि ३ सारखेच दिसतात. समजा पहिल्या स्तंभातला एक ६८ चुकून ६३ वाचला गेला. मग ६८ ची बरोबरी मोडते, ६३ ची नवी बरोबरी तयार होते आणि दुसऱ्या औषधाची बेरीज ४५ ऐवजी साडेसत्तेचाळीस होते. क्रमांकांची एकूण बेरीज मात्र १३६ च राहते, म्हणून तो ताळा ही चूक पकडू शकत नाही. ती पकडायची तर मूळ आकड्यांची बेरीज करावी लागते. छापील तक्त्यात स्तंभांखाली ५४२ आणि ४९४ दिले आहेत, आणि चुकीच्या वाचनात पहिली बेरीज ५३७ भरते. उलट ७४ चे कोणी ९४ वाचले, तर तो सर्वात मोठाच राहतो, क्रमांक हलत नाही आणि चाचणीचे उत्तर जसेच्या तसे येते. तेव्हा उत्तर पुस्तकाशी जुळले म्हणजे आकडे बरोबर उतरवले, असे समजू नये.

संगणकावर ‘आर’मध्ये हे असे करतात:

```
a <- c(68, 68, 59, 72, 64, 67, 70, 74)
b <- c(60, 67, 61, 62, 67, 63, 56, 58)
sum(a); sum(b)
wilcox.test(a, b)
```

इथे दोन ठिकाणी गोंधळ उडतो. `W` म्हणून ९१ नव्हे, तर ५५ छापून येतात, कारण आठ जणांची कमीत कमी शक्य बेरीज, म्हणजे ३६, आधीच वजा केलेली असते. दुसरे म्हणजे, बरोबरी दिसली की ‘आर’च्या अनेक आवृत्त्या अचूक मोजणी सोडून अंदाजी सूत्राकडे वळतात, तशी सूचना देतात आणि `p-value` सुमारे ०.०१७७ दाखवतात. वर मोजलेल्या ०.०१३५ पेक्षा हा आकडा थोडा मोठा आहे. इथे निष्कर्ष बदलत नाही. पण अंदाजी आकडा पाच टक्क्यांच्या अगदी काठावर असेल, तर सगळे प्रकार मोजूनच निर्णय घ्यावा.

एक अट मात्र तक्ता पाहून कळत नाही. सोळा चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. रोज दोन्ही औषधांची एक-एक चाचणी जोडीने घेतली असेल, तर ही पद्धत तिथे लागू नाही. जोड्यांसाठीची वेगळी चाचणी विल्कॉक्सन यांनी त्याच लेखात दिली आहे. म्हणून फोटो काढताना फक्त आकड्यांचा चौकोन टिपू नका. वरचे शीर्षक, खालच्या बेरजा आणि प्रयोग कसा केला ते सांगणारा परिच्छेद, हे सगळे एकाच फोटोत येऊ द्या.