पगार पन्नास हजार, पेन्शन पंधरा हजारांवर

पीएफच्या पासबुकात तीन रकाने असतात. पहिला कर्मचाऱ्याच्या वाट्याचा, दुसरा कंपनीच्या वाट्याचा आणि तिसरा पेन्शनचा. पगार दरवर्षी वाढतो, त्याबरोबर पहिले दोन रकानेही वाढतात. तिसऱ्यात मात्र महिन्यामागून महिना १,२५० हाच आकडा दिसत राहतो. पुढे मिळणारी पेन्शन त्या आकड्याने आधीच ठरवून टाकलेली असते.

१९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत कंपनी भरत असलेल्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. हे टक्के खऱ्या पगारावर मोजले जात नाहीत, सरकारने ठरवलेल्या वेतनमर्यादेवर मोजले जातात. ही मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, २००१मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४पासून १५,००० झाली. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ५०,००० असले, तरी पेन्शन फंडात १,२५० रुपयेच जातात. उरलेले ४,७५० पीएफमध्ये जमा होतात. हे पैसे बुडत नाहीत, हे इथेच लक्षात ठेवायला हवे. पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

पेन्शनचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०. वीस वर्षे पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षे जास्तीची धरून मिळतात. पगाराच्या जागी १५,००० आणि वर्षांच्या जागी ३५ घातले, तर उत्तर येते ७,५००. लाखाचा पगार घेणाऱ्यालाही सूत्र याच्या पुढे जाऊ देत नाही. प्रत्यक्षात आकडा आणखी खाली येतो, कारण सप्टेंबर २०१४पूर्वीची वर्षे ६,५०० रुपयांच्या हिशेबाने मोजली जातात.

खऱ्या पगारावर अंशदान भरण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालाने मोकळी केली, पण फक्त १ सप्टेंबर २०१४पूर्वीपासून सदस्य असलेल्यांसाठी आणि ठरावीक मुदतीपुरती. कर्मचाऱ्यांनी अर्ज करण्याची मुदत ११ जुलै २०२३ला संपली. ज्यांनी अर्ज केले, त्यांच्या हाती पुढे डिमांड नोटीस आली: आजवरचा फरक व्याजासह पेन्शन फंडात वळवा. पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न घराघरांत तिथून सुरू झाला.

समजा, सप्टेंबर १९९६मध्ये ७,००० रुपयांवर लागलेला एक कर्मचारी ऑगस्ट २०२४मध्ये ५८व्या वर्षी निवृत्त झाला. पगार वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढत गेला आणि शेवटी ५१,००० झाला. मर्यादेच्या हिशेबाने त्याला चार-सव्वाचार हजार पेन्शन बसते. खऱ्या पगारावर, २०१४पूर्वीची आणि नंतरची वर्षे वेगवेगळी धरून, ती साधारण तेरा हजार होते. महिन्याला सुमारे ८,८०० रुपये जास्त. आता किंमत पाहू. अठ्ठावीस वर्षांचा फरक, २०१४नंतर १५,०००च्या वरच्या पगारावर लागणारे जादा १.१६ टक्के आणि साडेआठ टक्क्यांनी व्याज धरले, तर त्याच्या पीएफमधून साधारण ९ लाख ३० हजार रुपये जातात.

हेच पैसे त्याने ८.२ टक्के व्याजाने गुंतवले आणि दरमहा ८,८०० काढत राहिला, तर ते साधारण पंधरा-सोळा वर्षे पुरतील. म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत दोन्ही मार्ग सारखेच. त्यानंतर मात्र गुंतवणूक संपलेली असेल आणि पेन्शन चालू राहील. त्याच्या पश्चात पत्नीला निम्मी पेन्शन मिळेल. तेव्हा ज्या घरात माणसे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगतात आणि जोडीदार वयाने लहान आहे, तिथे पैसे भरणे शहाणपणाचे.

सूत्रात पगार शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीने धरतात. त्यामुळे नोकरीच्या अखेरीस बढतीने पगार झपाट्याने वाढला असेल, तर जुन्या काळात थोड्या पगारावर भरलेल्या पैशांनाही मोठ्या पगाराचा भाव मिळतो. उलट, शेवटची वर्षे पगार एकाच जागी अडकला असेल, तर हा फायदा आटतो.

दुसरी बाजूही जड आहे. पेन्शन फंडात गेलेली रक्कम परत मिळत नाही आणि पती-पत्नीनंतर वारसांना भांडवल उरत नाही. या पेन्शनला महागाई भत्ताही नाही. महागाई पाच टक्के धरली, तर आजच्या तेरा हजारांची किंमत चौदा वर्षांत निम्म्यावर येते. घराचे कर्ज बाकी असेल, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर असेल किंवा प्रकृती आधीच साथ देत नसेल, तर नऊ लाखांची रक्कम हाताशी असणे जास्त मोलाचे आहे.

नोटीस हातात असलेल्यांनी भरायची रक्कम आणि महिन्याला वाढणारी पेन्शन, हे दोनच आकडे आधी कार्यालयाकडून लेखी घ्यावेत. रकमेला वर्षाच्या वाढीव पेन्शनने भागावे. वरच्या उदाहरणात उत्तर नऊच्या आत येते. ते बारा-तेराच्या पुढे जात असेल, तर पैसे पीएफमध्येच राहू द्यावेत.