तीनच्या पाढ्याचा शेवटचा अंक

तीनचा पाढा म्हणा आणि प्रत्येक उत्तराचा फक्त एकक स्थानचा अंक कागदावर लिहा. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ, पुढे बाराचा 2, पंधराचा 5, अठराचा 8, असं करत तीन दाहे तीसचा 0. कागदावर उतरतं ते असं: 3, 6, 9, 2, 5, 8, 1, 4, 7, 0. दहाही अंक आले आणि एकही दोनदा आला नाही. आता चारच्या पाढ्याचं तेच करा: 4, 8, 2, 6, 0 आणि परत 4, 8, 2, 6, 0. निम्मे अंक गायब, उरलेले दोनदोनदा.

कॉलेजच्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये मुलांना घाम फोडणारी तीन नावं या दोन पाढ्यांत दिसतात. 0 ते 9 यांतला अंक घ्यायचा, त्याला 3 ने गुणायचं, शेवटचा अंक ठेवायचा. हा नियम म्हणजे एक फलन. दोन वेगळ्या अंकांचं उत्तर कधीच सारखं येत नसेल तर ते एकास-एक, म्हणजे इंजेक्टिव्ह. पोचण्याच्या संचातला एकही अंक उपाशी राहत नसेल तर ते आच्छादक, म्हणजे सर्जेक्टिव्ह. दोन्ही जमलं तर बायजेक्टिव्ह. (ही नावं बूर्बाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितींनी रूढ केली, ‘सर्जेक्टिव्ह’मधला ‘सर’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘वर’.)

दहाच अंक आहेत, तेव्हा यादी तपासली की काम झालं. पण यादी अनंत असेल तेव्हा हात टेकावे लागतात, म्हणून यादीशिवायची सिद्धता शिकायची.

एकास-एक दाखवताना उत्तरांपासून सुरुवात करायची. समजा a आणि b या अंकांचं उत्तर सारखंच आलं. म्हणजे 3a आणि 3b यांचा शेवटचा अंक एकच, म्हणून त्यांची वजाबाकी 3(a − b) हिला 10 ने पूर्ण भाग जातो. 3 आणि 10 यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे तो भाग a − b लाच जायला हवा. पण दोन अंकांतला फरक जास्तीत जास्त 9. मग फरक शून्यच, a आणि b एकच. इथे पुष्कळ मुलं उलटी सुरुवात करतात: ‘a = b घेऊ, म्हणून उत्तरं समान.’ हे प्रत्येक फलनाबाबत खरं असतं, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चारच्या पाढ्यात नेमकी ‘सामाईक विभाजक नाही’ ही पायरी मोडते, कारण 4 आणि 10 दोघांनाही 2 ने भाग जातो.

आच्छादकाची सिद्धता वेगळ्या जातीची. इथे समोरचा कोणताही अंक y देतो आणि त्याच्याकडे पोचवणारा अंक आपल्याला शोधून द्यावा लागतो. इथे तो 7y चा शेवटचा अंक. का? 3 × 7 = 21, म्हणून 3 × 7y म्हणजे 21y, आणि 21y चा शेवटचा अंक y च. समजा कोणी 8 मागितला. सात आठे छप्पन्न, म्हणून 6 घ्या. तीन सक अठरा, आला 8. तीनचा पाढा जे करतो ते सातचा पाढा उलटवतो. अशी परतीची वाट बायजेक्टिव्ह फलनालाच असते.

नाकारायला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. चारच्या पाढ्यात 0 आणि 5 दोघांचंही उत्तर 0, एवढी एक जोडी एकास-एकपणा मोडते. 4 ची पट नेहमी सम, त्यामुळे 7 कधीच येणार नाही, आच्छादकपणाही गेला.

दोन्ही गुण एकदम आले, एकदम गेले, हा योगायोग नव्हे. दहा अंक, दहा जागा: कोणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं नाही तर एकही जागा रिकामी राहू शकत नाही, आणि कोणी बसलं तर एक तरी रिकामी राहणारच. ही सोय फक्त दोन्हीकडे सारख्याच, मोजून संपणाऱ्या वस्तू असतात तेव्हाची. तोच ‘तिप्पट करा’ नियम सगळ्या पूर्णांकांना, शेवटचा अंक न कापता, लावून पाहा. 3a = 3b तर a = b, म्हणजे एकास-एक आहे. पण 1 हा कोणाचीच तिप्पट नाही. घाईत लिहिणारा x = y ÷ 3 मांडून मोकळा होतो; y = 1 घेतल्यावर येणारा एक तृतीयांश पूर्णांक नाही, हे तपासायचं राहून जातं. संच पूर्णांकांऐवजी परिमेय संख्यांचा घेतला की तेच x = y ÷ 3 बरोबर ठरतं. म्हणून फलनाचा नुसता नियम सांगून भागत नाही. कुठून निघालो आणि कुठे पोचायचं, ते दोन्ही संच सांगावे लागतात.

एक ते नऊमध्ये 1, 3, 7 आणि 9 हेच पाढे दहाही अंक देतात. नवाच्या पाढ्याला उलटवणारा पाढा कोणता, ते कागदावर करून पाहा; नव्वे नव्वे एक्क्याऐंशी, एवढा धागा पुरेसा आहे.