उत्तर C, पण C कुठला?

मागच्या महिन्यातली गोष्ट. खारघर स्टेशनबाहेर चहा घेत असताना मैत्रिणीने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ''महाराष्ट्र राज्याची स्थापना कधी झाली?'' मी म्हटलं, ''1 मे 1960. शेंबडं पोरही सांगेल.'' ती म्हणाली, ''आन्सर की म्हणतेय 1 नोव्हेंबर 1956.''

मास मीडियाच्या पीजी एन्ट्रन्ससाठी तीस प्रश्नांचा सराव पेपर ग्रुपवर फिरत होता. तिच्या चुलतभावाने त्याचा फोटो चालत्या लोकलमध्ये, मानसरोवर यायच्या आत, मांडीवर कागद ठेवून काढला होता. फोटो हललेला, आणि डावी कड अशी कापली गेलेली की पर्यायांची अक्षरंच गायब. मजकूर कसाबसा वाचता येत होता. आन्सर की मात्र वेगळ्या कागदावर, आणि तिच्यात नुसती अक्षरं: 12 – C, 15 – B, असं. म्हणजे एका कागदावर मजकूर आहे पण अक्षर नाही, दुसऱ्यावर अक्षर आहे पण मजकूर नाही. तिने अंदाजाने पेपर तपासला आणि तीसपैकी तेरा मार्क काढून रडवेली झाली होती.

बारावा प्रश्न फोटोत असा दिसत होता:

```
) 26 जानेवारी 1950      ▒) 1 मे 1960
) 1 नोव्हेंबर 1956       D) 19 डिसेंबर 1961
```

तिने आपण पुस्तक वाचतो तसं वाचलं. वरच्या ओळीत A, B, खालच्या ओळीत C, D. म्हणून C म्हणजे 1 नोव्हेंबर 1956. पण चार पर्याय दोन रांगांत बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक आडवी, तिने वाचली ती. दुसरी उभी: डावीकडे वर A, खाली B, मग उजवीकडे वर C, खाली D. छापील पेपरांमध्ये दोन्ही सापडतात. अक्षरं दिसत असतात तेव्हा याकडे आपलं लक्षही जात नाही. कड कापली गेली की सगळा खेळ यावरच येतो.

आता नीट बघा. आडवं वाचा नाहीतर उभं, A डावीकडे वरच असतो आणि D उजवीकडे खालीच. हे दोन कोपरे मांडणीबद्दल काहीच सांगत नाहीत. आमच्या फोटोत नेमका D तेवढा स्वच्छ दिसत होता, आणि ''D दिसतोय ना, मग झालं,'' असं म्हणून ती पुढे गेली होती. खरा साक्षीदार असतो उजवीकडे वरचा. तिथे B असेल तर मांडणी आडवी, C असेल तर उभी. डावी कड कापली गेली तरी उजव्या रांगेची अक्षरं पानाच्या मध्यावर असतात, त्यामुळे ती बहुतेक वेळा वाचतात. आमच्याकडे तीही धुरकट होती, ती बात वेगळी.

धुरकट अक्षर वाचताना झूम वाढवत नेण्याचा मोह होतो. उलट करा. फोन हातभर लांब धरा. जवळून नुसते चौकोनी ठिपके दिसतात, लांबून आकार दिसतो. B मध्ये दोन बंद घरं असतात, म्हणून अस्पष्ट फोटोत तो भरीव, काळपट डाग दिसतो. C ची उजवी बाजू उघडी असते, तिथे उजेड राहतो. एका प्रश्नावरून ठरवू नका. पाच-सहा प्रश्नांतला तोच उजवा-वरचा कोपरा ओळीने बघा. आमच्या फोटोत चार ठिकाणी डाग उजवीकडून उघडा वाटला, दोन ठिकाणी काहीच कळलं नाही. म्हणजे संशय C वर, पण नुसत्या संशयावर कोणाला फाशी देत नाहीत.

म्हणून दुसरा पुरावा शोधला, उत्तर शंभर टक्के माहीत असलेले प्रश्न. बारावा तर होताच. 1 मे 1960 उजवीकडे वर आहे आणि की म्हणते C. हे फक्त उभ्या मांडणीत जमतं. पण कीमध्येही छपाईची चूक असू शकते, म्हणून अजून एक हवा. पंधरावा प्रश्न: 'केसरी' कोणत्या वर्षी सुरू झालं? डावीकडे वर 1832, खाली 1881. उजवीकडे वर 1920, खाली 1932. मास मीडियावाल्यांना 1881 पाठ असतं. ते डावीकडे खाली आहे आणि की म्हणते B. पुन्हा उभी मांडणी. बरोबर उत्तर A किंवा D असेल असा प्रश्न मात्र या कामाला निवडू नका, तो दोन्ही मांडण्यांत जुळतो आणि उगाच खात्री देतो.

या दोन्ही प्रश्नांत अजून एक खूण होती, ती मला नंतर दिसली. तारखा किंवा आकडे असतील तर पेपर काढणारे बरेचदा ते चढत्या क्रमाने लावतात. पंधरावा उभा वाचला तर 1832, 1881, 1920, 1932, म्हणजे 'दर्पण', 'केसरी', 'मूकनायक' आणि 'सकाळ' यांची सुरुवातीची वर्षं, अगदी रांगेत. आडवा वाचला तर 1832 वरून 1920, मग मागे 1881. बारावाही तसाच, उभा वाचला की तारखा पुढे सरकत जातात. ही सवय आहे, नियम नाही, त्यामुळे जोडपुरावा म्हणून ठीक. विधानांच्या प्रश्नांतही 'फक्त 1', 'फक्त 2', 'दोन्ही', 'एकही नाही' असा क्रम सर्रास असतो. त्यात 'फक्त 2' कुठे बसलाय ते बघायचं.

कधीकधी दोन-तीन पक्के प्रश्न आडव्यातही जुळत नाहीत आणि उभ्यातही नाहीत. तेव्हा डोळे फोडण्यात अर्थ नाही. बहुधा की दुसऱ्या सेटची असते. सेटचं अक्षर पानाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं आणि कड कापली जाते तेव्हा पहिला बळी त्याचाच जातो.

पेपर मराठीतून असेल आणि पर्याय (अ), (ब), (क), (ड) असतील तर अक्षराच्या उरलेल्या तुकड्यावरूनही ओळखता येतं, पण एक सापळा आहे. डावी कड कापली गेली की अक्षराचा उजवा भाग उरतो. 'क'चा उजवा भाग म्हणजे दांड्याच्या बाहेरचा फुगा, 'ड'ला दांडाच नाही. हे दोन सुटतात. पण 'अ' आणि 'ब' दोघांच्याही उजवीकडे सरळ उभा दांडा. अर्ध्यापेक्षा जास्त अक्षर गेलं असेल तर त्या तुकड्यावरून अ की ब हे सांगताच येत नाही. इंग्रजीत हे सोपं जातं. उजव्या अर्ध्यात A ची तिरकी रेघ उरते, B चे दोन फुगे, D चा एकच मोठा फुगा आणि C ची नुसती दोन टोकं. फोटो लोकलमध्ये आडवा हलला असेल तर उभे दांडे फिसकटतात आणि शिरोरेषा मात्र ठळक राहते. त्यामुळे मराठी अक्षरं वरून छान वाटतात आणि खाली सगळी सारखीच दिसतात.

हे सगळं करण्याआधी खरं तर एक प्रश्न विचारायला हवा होता. कड कापली कोणी? फोटोत कापलेल्या अक्षरांच्या पलीकडे पांढरी पट्टी आणि मग टेबल किंवा मांडी दिसत असेल, तर कागदावरच अक्षरं नाहीत, झेरॉक्समध्ये गेली. आमच्या सेक्टरमधले झेरॉक्सवाले काका सांगतात की मशीन कडेचे काही मिलिमीटर घेतच नाही, आणि बाइंड केलेल्या पुस्तकाची शिवणीकडची बाजू तर नीट दाबली नाही तर वळूनच जाते. अशा वेळी मूळ फोटो मागून उपयोग नाही, मूळ कागद असलेला माणूस शोधावा लागतो. पण अक्षर कापलं जातं तिथेच चित्र संपत असेल, तर काम फोटोचं किंवा स्कॅनिंग अ‍ॅपच्या आपोआप क्रॉपचं आहे. मग पाठवणाऱ्याला सांगायचं, गॅलरीत एडिट उघडून मूळ फोटो परत आण. बऱ्याच फोनमध्ये क्रॉप केलेला भाग लगेच पुसला जात नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरांचा लगदा होतो.

आमच्या फोटोत चित्र अक्षरांवरच संपत होतं. भावाला मेसेज टाकला. तो लेक्चरला बसलेला, उत्तर नाही. तोवर आम्ही उभ्या मांडणीने पेपर पुन्हा तपासला. की A किंवा D म्हणते ते प्रश्न हलले नाहीत, फक्त B आणि C वाले बदलले. तेराचे एकोणीस झाले. दुसऱ्या चहाचे पैसे तिने दिले.

एक प्रश्न मात्र अडला, सत्ताविसावा. त्यात डावीकडे खाली लिहिलं होतं, 'A आणि B दोन्ही'. उभ्या मांडणीत ती जागा B ची. म्हणजे B पर्याय स्वतःबद्दलच बोलणार, 'A आणि मी'? शक्यच नाही. ती जागा C चीच असणार, म्हणजे हा एक प्रश्न आडवा टाइप झाला होता. पेपर दोघांनी मिळून टाइप केला असेल किंवा कुठून तरी कॉपी-पेस्ट झाला असेल, कोण जाणे. मैत्रीण म्हणाली, ''मग बाकीच्यांतही असे असतील तर?'' बरोबर होतं तिचं. B किंवा C उत्तर असलेले अजून दोन प्रश्न असे होते की त्यांचा उजवा-वरचा डाग वाचता येत नव्हता, आकडे नव्हते आणि उत्तरही आम्हाला पक्कं माहीत नव्हतं. त्या दोघांसमोर तिने प्रश्नचिन्ह केलं आणि एकोणीसचे सतरा करून ठेवले.

आता ती सराव पेपर सोडवताना अक्षर न लिहिता पर्यायाचा मजकूर लिहिते. बारावी बोर्डाच्या सायन्स पेपरवरची सूचना आठवते का? अचूक पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा, नुसतं एकच लिहिलं तर गुण नाहीत. तेव्हा आम्ही दोघींनी त्यावर भरपूर कुरकुर केली होती.

रात्री साडेनऊला भावाने मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. डावी कड शाबूत होती, स्कॅनिंग अ‍ॅपने कापली होती. सत्ताविसावा आडवाच निघाला. प्रश्नचिन्हवाल्या दोनपैकी एक उभा होता आणि दुसराही आडवा. अठरा.