दोन घटनांमधलं अंतर

माझी भाची सातवीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने मराठेशाहीची कालरेषा काढली होती. कार्डशीटवर एका रांगेत बारा सारख्या चौकटी, प्रत्येकीत एक सनावळ आणि एक चित्र. अक्षर सुरेख, रंग नेटके. पण १६७४चा राज्याभिषेक आणि १६८०चं शिवाजी महाराजांचं निधन यांत जेवढी जागा होती, तेवढीच जागा १७०७ आणि १७६१ यांच्यामध्येही होती. सहा वर्षं आणि चोपन्न वर्षं कागदावर सारखीच दिसत होती. ती यादी होती, कालरेषा नव्हती. कालरेषेवर अंतर हीच माहिती असते.

आम्ही नवी कार्डशीट घेतली आणि पेन्सिल टेकवण्याआधी हिशोब केला. मोठी कार्डशीट आडवी धरली की साधारण ७१ सेंटीमीटर लांब भरते. डावीकडे ओळींची नावं लिहायला ८ सेंटीमीटर सोडले, उजवीकडे ३. उरले ६०. आता काळ किती घ्यायचा? सातवाहनांपासून आजपर्यंत दोन हजार वर्षं घेतली, तर वर्षाला ०.३ मिलिमीटर मिळतात आणि महाराजांच्या राज्याभिषेकानंतरची सहा वर्षं दोन मिलिमीटरांतही मावतात. म्हणून १६२० ते १८२० ही दोनशेच वर्षं घेतली. ६०० मिलिमीटर भागिले २००, म्हणजे एका वर्षाला ३ मिलिमीटर. हे प्रमाण कार्डशीटच्या कोपऱ्यात लिहिलं.

मग प्रत्येक सनाची जागा गणिताने निघते: सनातून १६२० वजा करायचे आणि तीनने गुणायचं. १६७४साठी ५४ गुणिले ३, म्हणजे १६.२ सेंटीमीटर. १७६१साठी ४२.३. प्रत्येक अंतर सुरुवातीच्या रेषेपासूनच मोजायचं. आधीच्या खुणेपासून पुढची मोजत गेलं की अर्ध्या मिलिमीटरची चूक दर वेळी साठते आणि १८१८पर्यंत काही वर्षांचा घोटाळा होऊ शकतो. शेवटी पडताळा घ्यावा. १६८० ते १७०७ ही २७ वर्षं ८.१ सेंटीमीटर भरली पाहिजेत आणि १७६१ ते १८१८ ही ५७ वर्षं १७.१. कुठे फरक आला, तर तिथली खूण चुकली आहे.

जुन्या मराठी पुस्तकांत शक दिलेला असतो. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण एक जानेवारी उलटल्यानंतरच्या पौष, माघ, फाल्गुनातल्या तिथीसाठी ७९ मिळवावे लागतात. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. इथे ७८ मिळवले, तर खूण ३ मिलिमीटर मागे पडते.

खरी पंचाईत गर्दीची. अफझलखानाचा वध १६५९, पन्हाळ्याहून सुटका १६६०, शाहिस्तेखानावरचा छापा १६६३, सुरत १६६४, पुरंदरचा तह १६६५, आग्र्याहून सुटका १६६६. या सहा घटना २१ मिलिमीटरांत येतात. भाचीने लगेच ठिपके थोडे लांब सरकवले. नेमकं हेच करायचं नाही. ठिपका आपल्या जागीच राहतो, सरकवायचं ते फक्त नाव. ठिपक्यापासून बारीक रेघ काढून एक नाव वर, दुसरं खाली, तिसरं आणखी वर असं मांडलं की अक्षरांना जागा मिळते.

तरी दाटी झालीच, म्हणून वर मोकळ्या जागेत एक मोठी केलेली पट्टी काढली: १६५९ ते १६६६ ही आठ वर्षं, वर्षाला २ सेंटीमीटर. तिला वेगळी चौकट केली आणि तिचं प्रमाण वेगळं लिहिलं, नाहीतर पाहणारा फसतो. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नुसता सन पुरत नाही, महिनाही लागतो. अफझलखानाचा वध नोव्हेंबर १६५९चा आणि पन्हाळ्याची सुटका जुलै १६६०ची, म्हणजे मध्ये आठच महिने, सुमारे १३ मिलिमीटर. शाहिस्तेखानावरचा छापा त्यानंतर पावणेतीन वर्षांनी, एप्रिल १६६३मध्ये, म्हणजे तब्बल साडेपाच सेंटीमीटर दूर. मधली जागा कोरीच ठेवली. सजावटीसाठी तिथे चित्र चिकटवलं असतं, तर तो अवधी डोळ्यांना दिसलाच नसता.

घटनेला ठिपका, तर कारकिर्दीला पट्टी. पट्टी आखताना आधी ठरवावं की ती आयुष्याची की राज्याची. शिवाजी महाराजांची पट्टी १६३०पासून रंगवली आणि औरंगजेबाची तो तख्तावर आला त्या १६५८पासून, तर तुलना बिघडते. आम्ही आयुष्य नुसत्या बाह्यरेषेने दाखवलं आणि राज्याभिषेकानंतरचा भाग रंगवला. पंधरा सेंटीमीटरच्या पट्टीत रंगवलेला भाग १.८ सेंटीमीटरचाच निघाला. स्वराज्याचं काम राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं, म्हणून ते ठिपके बाह्यरेषेच्या भागावर येतात.

एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टींसाठी एकाखाली एक ओळी आखल्या: छत्रपती, पेशवे, मुघल, आदिलशाही, पोर्तुगीज गोवा. पहिल्या चार्टमध्ये शाहू महाराज, बाळाजी विश्वनाथ, बाजीराव अशा चौकटी एकापुढे एक होत्या, जणू एक गेला आणि दुसरा आला. ओळी वेगळ्या केल्यावर शाहू महाराजांची १७०८ ते १७४९ ही एकच लांब पट्टी दिसली. तिच्या खाली बाळाजी विश्वनाथांची पूर्ण, बाजीरावांची पूर्ण आणि नानासाहेबांच्या कारकिर्दीची सुरुवात. तीन पेशवे एकाच छत्रपतींच्या काळातले, हे समजावून सांगावं लागलं नाही.

नारायणरावांची पट्टी जेमतेम ३ मिलिमीटरची, तेव्हा त्यांचं नाव रेघ ओढून बाहेर लिहिलं. आदिलशाही १६२०च्या आधीपासूनची, म्हणून तिच्या डाव्या टोकाला बाण आणि उजवं टोक १६८६ला सरळ कापलेलं. पोर्तुगीज गोव्याला दोन्हीकडे बाण, कारण ती सत्ता १५१०ला सुरू होऊन १९६१ला संपली. बाण नसता, तर मुलांना वाटलं असतं की पोर्तुगीज १६२०ला आले.

छत्रपतींच्या ओळीत पुढे आणखी एक अडचण आली. १७१०च्या सुमारास साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या दिसू लागतात. दोन पट्ट्या एकमेकींवर रंगवल्या, तर काहीच वाचता येत नाही. म्हणून तिथून ओळीची उंची निम्मी करून वर सातारा आणि खाली कोल्हापूर अशा दोन अरुंद पट्ट्या समांतर नेल्या.

शेवटी गुण्या लावून १७०७वर एक उभी रेघ वरपासून खालपर्यंत मारली. मुघलांच्या ओळीत औरंगजेबाची १४.७ सेंटीमीटरची पट्टी तिथेच संपत होती आणि छत्रपतींच्या ओळीत शाहूंच्या सुटकेचा ठिपका त्याच रेघेवर होता. भाचीने बोट ठेवून विचारलं, "मामा, हे दोन्ही एकाच वर्षी कसं?" औरंगजेब मेल्यावर मुलांमध्ये तख्तासाठी भांडण लागलं. आझमशहाने उत्तरेकडे जाताना शाहूंना सोडलं, ते ताराबाईंशी गादीसाठी झगडतील आणि मराठे आपसांत गुंततील या हिशोबाने. तिने बोट उजवीकडे सरकवलं. जेमतेम एक सेंटीमीटरवर ती ओळ दुभंगली होती.