चाळीस दिवस उपाशी, पण बोंबील चालतो?

केळव्यातल्या आमच्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळावर आम्ही एक छोटा व्हिडिओ करतो आहोत. सुरुवात ताटापासूनच करायची ठरली, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे: ख्रिस्ती माणूस चाळीस दिवस उपाशी राहतो.

कॅथलिक चर्चच्या नियमाने उपवास सक्तीचा आहे तो दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि तोही १८ ते ५९ वर्षांच्या धडधाकट माणसाला. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढंही नाही. या दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी चौदा वर्षांपुढच्यांना मांस वर्ज्य. मासळी मात्र त्या बंदीत येत नाही. म्हणून शुक्रवारी आमच्या घरातून बोंबलाचा वास आला, तर कुणी उपवास मोडला असं समजू नका. याउपर जे सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी चाळीसही दिवस मटण-मच्छी सोडतो, कुणी दारू. वाचलेले पैसे गरजूंना द्यायचे असतात. नुसतं ताट बदललं आणि भांडण तसंच चालू ठेवलं, तर त्याला आम्ही उपवास म्हणत नाही.

दुसरी शंका हिशेबाची, आणि ती रास्त आहे. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. तो बुधवार धरून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. उरले चाळीस, येशूने अरण्यात उपवास केला तेवढे. तारीख दरवर्षी हलते, कारण ईस्टर २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. २०२६ मध्ये ती चैत्र पौर्णिमा होती, २ एप्रिलची, म्हणजे हनुमान जयंतीची. चर्चचं गणित स्वतःच्या कोष्टकावर चालतं, त्यामुळे पंचांगाशी ते कधी एखाद्या दिवसाने चुकतं.

राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावरची राख पाहून काहींना वाटतं, ही स्मशानातली असावी. ती झावळ्यांची असते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या वर्षभर घरात, बहुधा येशूच्या तसबिरीमागे, खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्या कोरड्या पडल्यावर चर्चमध्ये जाळतात आणि राख चाळून घेतात. माणूस मातीचा आहे, याची ती आठवण. ही राख शेजाऱ्यांनीही लावून घेतली तर चालते. मिस्सामधला कम्युनियनचा प्रसाद मात्र फक्त दीक्षित कॅथलिकांसाठी असतो. तो नाकारला गेला तर तो तुमचा अपमान नव्हे.

शेवटची गोष्ट आम्ही व्हिडिओत मुद्दाम सावकाश सांगणार आहोत. गुड फ्रायडेला ‘हॅपी’ म्हणून मेसेज पाठवू नका. तो येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदीवरचं वस्त्रही काढलेलं असतं. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर रविवारी या, त्या दिवशी घरात गोडधोड असतं.