प्रत्येक फेरीला तिप्पट

नॉटिलस हा माकूळ आणि ऑक्टोपस यांचा नातलग. फिलिपिन्स, फिजी, न्यू कॅलिडोनिया या बेटांच्या परिसरात खोल समुद्रउतारांवर तो राहतो. त्याचा शंख मधोमध उभा कापला, तर आत एकामागून एक वाढत गेलेले कप्पे दिसतात. शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात प्राणी स्वतः राहतो. मागचे सगळे कप्पे वायूने भरलेले असतात आणि त्याला तरंगायला मदत करतात.

अशा कापलेल्या शंखावर केंद्रापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढावी. रेघ बाहेरच्या भिंतीला 9 सेंटीमीटरवर भेटत असेल, तर एक फेरी आत तीच भिंत साधारण 3 सेंटीमीटरवर सापडते आणि आणखी एक फेरी आत 1 सेंटीमीटरवर. बाहेर जाताना प्रत्येक पूर्ण फेरीला केंद्रापासूनचे अंतर सुमारे तिप्पट होते. या तीनला आपण शंखाचा गुणक म्हणू.

चकलीची गोष्ट वेगळी. तिच्या प्रत्येक वेढ्याला त्रिज्येत पिठाच्या एका वळाइतकीच भर पडते. पहिल्या वेढ्याला जेवढी, तेवढीच पाचव्या वेढ्याला. तिथे बेरीज चालते, शंखात गुणाकार. बेरजेच्या वळणाला आर्किमिडीजचे सर्पिल म्हणतात आणि गुणाकाराच्या वळणाला लॉगरिदमिक सर्पिल.

गुणाकाराचा हा नियम पूर्ण फेरीपुरताच मर्यादित नाही. कोणताही कोन घ्या. तेवढेच वळण पुन्हा घेतले की त्रिज्येला पुन्हा तोच गुणक लागतो. फेरीला तिप्पट, तर अर्ध्या फेरीला किती? जी संख्या दोनदा गुणल्यावर 3 येतात ती, म्हणजे 3 चे वर्गमूळ, सुमारे 1.73. पाव फेरीला त्याचेही वर्गमूळ, सुमारे 1.32. म्हणून 3 सेंटीमीटरपासून निघालेली भिंत पाव-पाव फेरीने 3.95, 5.2, 6.84 असे टप्पे घेत 9 वर पोचते. नॉटिलसच्या एका फेरीत साधारण 18 कप्पे धरले, तर दर कप्प्याला त्रिज्या सुमारे 6 टक्क्यांनी वाढते. दर वेळी फक्त 6 टक्के, पण 18 वेळा चढत गेल्यावर तिप्पट. चक्रवाढ व्याज असेच चढते.

त्यातून आणखी एक गुणधर्म निघतो. केंद्रातून निघालेली प्रत्येक रेघ या वळणाला एकाच कोनात छेदते. गुणक 3 असेल तर तो कोन सुमारे 80 अंशांचा. गणितज्ञ जेकब बर्नूली या वक्राच्या प्रेमात होता, कारण तो कितीही मोठा वा लहान केला तरी थोडा फिरवताच पुन्हा स्वतःवर तंतोतंत बसतो. आपल्या समाधीशिळेवर तो कोरला जावा अशी त्याची इच्छा होती. 1705 मध्ये तो वारला आणि बाझेलच्या कॅथेड्रलमधल्या शिळेवर कारागिराने सर्पिल कोरलेही. पण सारख्या अंतराच्या वेढ्यांचे, म्हणजे आर्किमिडीजचे.

मग गणित न शिकलेल्या प्राण्याला हा वक्र साधतो कसा? शंख फक्त तोंडाच्या कडेला वाढतो. प्राण्याच्या मऊ अंगाची कड तिथे नवा थर घालते. आधी घडलेली भिंत ताणली जात नाही, तिचा आकारही बदलत नाही. आता तोंडाच्या बाहेरच्या कडेला जेवढी भर पडते तेवढीच आतल्या कडेला पडली, तर सरळ नळी तयार होईल. बाहेरच्या कडेला जास्त भर पडली की नळी आतल्या बाजूला वळते. आपल्या उदाहरणात तोंडाची बाहेरची कड केंद्रापासून 9 सेंटीमीटरवर आणि आतली कड, मागच्या वेढ्याला टेकलेली, 3 सेंटीमीटरवर आहे. अशा वेळी बाहेरची भर आतल्या भरीच्या तिप्पट असावी लागते. हे प्रमाण आयुष्यभर टिकले आणि तोंडही त्याच प्रमाणात रुंदावत गेले, की लॉगरिदमिक सर्पिल आपोआप घडते. प्राण्याला केंद्र ठाऊक असण्याची गरज नाही आणि फेऱ्या मोजण्याचीही नाही.

याचा अर्थ शंख दरवर्षी तिप्पट होतो असा मात्र नाही. गुणक वळणाचा हिशेब ठेवतो, वेळेचा नाही. पुढचे कप्पे मोठे असल्यामुळे ते बांधायला आणि रिकामे करायला अधिक वेळ लागतो.

इंग्रज पाद्री आणि गणितज्ञ हेन्री मोज्ली याने 1838 मध्ये शंखांची मोजमापे घेऊन हा नियम मांडला. पुढे मात्र नॉटिलसच्या नावाने एक समज रुजला: त्याचे वळण म्हणजे ‘सुवर्ण सर्पिल’. सुवर्ण सर्पिलात पाव फेरीला त्रिज्या 1.618 पट होते, म्हणजे पूर्ण फेरीला सुमारे 6.85 पट. क्लेमेंट फाल्बो या गणिताच्या प्राध्यापकाने 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहातले नॉटिलस मोजले. पाव फेरीचा गुणक 1.24 ते 1.43 यांच्या दरम्यान आला, सरासरी सुमारे 1.33. दोन्ही सर्पिले लॉगरिदमिकच, पण गुणक वेगळे.

मोजताना खरी अडचण केंद्राची असते. शंखाची सुरुवात इतकी बारीक की केंद्र नेमके कुठे धरायचे ते कळत नाही, आणि तिथली मिलिमीटरभर चूक आतल्या वेढ्यांचे सगळे गुणोत्तर बिघडवते. त्यावर उपाय सोपा आहे. केंद्राच्या एकाच बाजूला, एकाच रेघेवर, लागोपाठच्या वेढ्यांची रुंदी मोजावी. 9 आणि 3 यांच्यामधली रुंदी 6, तर 3 आणि 1 यांच्यामधली 2. गुणोत्तर पुन्हा 3 आणि केंद्राला हातही लावावा लागला नाही.

खऱ्या शंखात हे गुणोत्तर काटेकोर राहत नाही. नॉटिलस अंड्यातून बाहेर पडतो तेव्हाच त्याचा शंख सुमारे अडीच सेंटीमीटरचा असतो आणि त्या जागी भिंतीवर खुणेची खाच राहते. तिच्या आसपास कप्प्यांमधले अंतर बदलते. पूर्ण वाढ झाल्यावर शेवटचे पडदे जवळजवळ येतात आणि तोंडाची कड जाड, काळसर होते. त्यामुळे वाढ संपलेला नॉटिलस ओळखता येतो.

1966 मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड राउप याने संगणकाकडून वेगवेगळ्या गुणकांचे शंख काढून घेतले. गुणक 2 च्या आसपास ठेवला की पुष्कळशा अमोनाइटांसारखी दाट वेढ्यांची चकती मिळते. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामावरचे चक्र हा अशाच प्राण्याचा ठसा असतो. वळणाबरोबर नळी अक्षावरून खाली सरकू दिली की गोगलगायीसारखा उंच शंख तयार होतो. आणि गुणक हजारांच्या घरात नेला की मिळतो शिंपला. गुणक 10,000 असेल, तर पाव फेरीतच आकार दहापट होतो: टोकाशी 4 मिलिमीटर, कडेला 4 सेंटीमीटर. म्हणून कोकणातल्या तिसऱ्यांमध्ये वेढे दिसत नाहीत, फक्त टोकाशी थोडा बाक दिसतो. दोन शिंपांच्या प्राण्याला एवढा मोठा गुणक लागतोच. दोन्ही शिंपा लहान गुणकाने वेढे घेत गेल्या असत्या, तर मागचे वेढे बिजागरीच्या आड आले असते आणि शिंपला उघडलाच नसता.