बिल नंबर ४१८ कुठे गेला?

मार्चअखेरीस सीए बिलांची यादी चाळतो आणि विचारतो, "४१७ आहे, ४१९ आहे. मधलं ४१८?" हार्डवेअरचा दुकानदार शपथेवर सांगतो, की असं बिल फाडलेलंच नाही. तो खरंच बोलत असतो. नंबर त्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरने खाल्लेला असतो.

जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिलांना सलग क्रमांक लागतो. तो जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. जीएसटीआर-१ भरताना कुठून कुठपर्यंत बिलं केली आणि त्यातली रद्द किती, हेही सांगावं लागतं. त्यामुळे गाळलेल्या नंबरावर प्रश्न येणारच.

गफलत अशी होते. डेटाबेसमध्ये आपोआप वाढणारे नंबर असतात, आणि ते घाईने वाटले जातात. काउंटरवरच्या मुलाने बिल उघडलं, ४१८ मिळाला, तेवढ्यात नेट गेलं. बिल सेव्ह झालं नाही, पण दिलेला नंबर परत येत नाही. यावर काही जण 'शेवटच्या नंबरात एक मिळवा' असा सोपा उपाय करतात. मग दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल झालं, की दोघांनाही ४१८ मिळतो. हे तर आणखी वाईट.

खरा उपाय जुन्या बिलबुकासारखा आहे. बुक एकच, एका वेळी एकाच्या हातात. शेवटचा नंबर एका नोंदीत ठेवायचा, बिल पक्कं होताना ती नोंद कुलूपबंद करायची, नंबर वाढवायचा आणि बिल त्याच व्यवहारात लिहायचं. बिल फसलं तर नंबरही मागे येतो. दुसरा काउंटर क्षणभर थांबतो, थांबू दे. कच्च्या बिलाला नंबर द्यायचाच नाही. रद्द झालेलं पक्कं बिल मात्र पुसायचं नाही, त्याच्या नंबरासकट ठेवायचं.

पैशांचंही असंच. बोल्टच्या तीन ओळी, प्रत्येकी १०.५० रुपये, कर १८ टक्के, म्हणजे केंद्राचा ९ आणि राज्याचा ९. एका ओळीवर ९ टक्के म्हणजे ९४.५ पैसे, ते झाले ९५. तीन ओळींचे २.८५ रुपये. पण एकूण ३१.५० वर ९ टक्के काढले तर २.८४ येतात. पहिल्या हिशेबाने बिल ३७.२० चं, दुसऱ्याने ३७.१८ चं. राउंड ऑफ करून गिऱ्हाईक दोन्ही वेळा ३७ च देतं, म्हणून फरक कुणाला दिसत नाही. दिसतो तो एक बोल्ट परत आल्यावर, कारण २.८४ चे तीन सारखे भाग होत नाहीत. म्हणून माझं मत ओळीगणिक कर काढण्याच्या बाजूने. एकदा ठरवलं की छापील बिल, खातं आणि रिटर्न तिन्हीकडे तीच रीत हवी, आणि राउंड ऑफची वेगळी ओळ हवी.

नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोर एक बिल सेव्ह होत असताना नेटची वायर काढा. परत जोडा, पुढचं बिल करा आणि त्याचा नंबर बघा.